गोट्याची चौथी सुई: बडोद्यातल्या एका दवाखान्याच्या लस-आठवणीचं प्रकरण

गोट्या हे बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात आलेलं देशी कुत्र्याचं पिल्लू. जन्म ५ मे २०२५. जून-जुलैत त्याला एकत्रित लसीच्या तीन सुया टोचून झाल्या आणि लसीच्या पुस्तकावर पुढची तारीख पडली ३१ जुलै २०२६. घरच्यांच्या लेखी काम संपलं, दवाखान्याच्या संगणकाच्या लेखीही संपलं. खरं तर ते अर्धवट होतं, आणि राहिलेली सुई नेमकी गणपतीच्या दोनच दिवस आधी येत होती. दवाखाना आणि गोट्या इथे नमुन्यादाखल घेतले आहेत. तारखा मात्र २०२५ च्या पंचांगातल्या आहेत आणि घोटाळा गावोगावच्या दवाखान्यांत दिसतो तोच आहे.

दवाखाना दोन डॉक्टरांचा, समोर नोंदी ठेवणाऱ्या एक ताई. व्हॉट्सअॅपवर स्टेटस आणि इन्स्टाग्रामवर आठवड्याला एक पोस्ट जायची. पोस्टचा मजकूर असा: "आपल्या लाडक्याचं लसीकरण वेळेवर करा! जीवघेण्या आजारांपासून वाचवा! आजच अपॉइंटमेंट घ्या!" सोबत हातमोजे घातलेला हात आणि सिरिंज. लाइक यायचे. पिल्लं मात्र ज्यांची यायची त्यांचीच येत. गोट्याच्या घरच्यांनी ही पोस्ट दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा पुढे सरकवली. त्यांच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. लस वेळेवर करा म्हणताय, आम्ही केलीच आहे.

म्हणून आधी पोस्टचे शब्द बाजूला ठेवून तारीख कशी निघते ते पाहावं लागतं.

ताईंच्या तक्त्यात नियम सोपा होता. सुई दिली की २१ दिवस पुढे, तिसरी दिली की वर्ष पुढे. गोट्याला पहिली सुई पंचेचाळिसाव्या दिवशी, १९ जूनला मिळाली. दुसरी १० जुलैला. तिसरी ३१ जुलैला, त्याच दिवशी रेबीजचीही. हिशेब बिनचूक, अंतरं बरोबर. पण ३१ जुलैला गोट्याचं वय होतं १२ आठवडे ३ दिवस, आणि घोळ इथेच आहे.

पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून प्रतिद्रव्यं मिळतात. ती त्याला सांभाळतात, पण तीच लसीलाही आडवी येतात. टोचलेल्या लसीतला विषाणू जिवंत पण कमजोर केलेला असतो. त्याने शरीरात थोडं वाढावं आणि पिल्लाच्या शरीराने त्याला ओळखावं, एवढं व्हायला हवं. चिकातली प्रतिद्रव्यं पुरेशी शिल्लक असतील तर ती या विषाणूला आधीच गाठतात आणि सुई वाया जाते. प्रतिद्रव्यं कधी ओसरतील ते पिल्लागणिक बदलतं. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो, कारण एकाने जास्त चीक प्यायलेला असतो आणि दुसऱ्याने कमी. एखाद्याची आठव्या आठवड्यात ओसरतात, एखाद्याची बाराव्या आठवड्यानंतरही टिकतात.

म्हणजे पहिल्या दोन-तीन सुया ही एकावर एक चढणारी पायरी नव्हे. प्रत्येक सुई हा पिल्लू मोकळं सापडतं का, हे पाहण्याचा वेगळा प्रयत्न असतो. म्हणून किती सुया झाल्या यापेक्षा शेवटची सुई कितव्या आठवड्यात पडली, हे महत्त्वाचं. वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावेत आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं वय झाल्यावर किंवा त्यानंतर पडावा. गोट्याची सोळा आठवड्यांची तारीख २५ ऑगस्ट. त्याआधीच्या तिन्ही सुयांनी त्याला संरक्षण मिळालंही असेल, नसेलही. बाहेरून पाहून ते कळत नाही. कळतं ते पार्व्होचे रक्ताचे जुलाब सुरू झाल्यावर, आणि तेव्हा घरचे म्हणतात, "अहो, तीन सुया दिल्या होत्या की!"

तक्त्याची दुरुस्ती लहान आहे. जन्मतारखेचा रकाना बहुतेक ठिकाणी असतो, पण पुढची तारीख काढताना त्याच्याकडे कोणी बघत नाही. B2 मध्ये जन्मतारीख आणि E2 मध्ये शेवटच्या सुईची तारीख असेल तर शेवटच्या पिल्लू-डोसची सर्वांत लवकरची तारीख अशी निघते:

```
=MAX(B2+112, E2+14)
```

११२ दिवस म्हणजे सोळा आठवडे. आणि मागच्या सुईनंतर निदान दोन आठवडे जायला हवेत. या दोन तारखांपैकी जी नंतरची, ती खरी. गोट्यासाठी पहिली २५ ऑगस्ट येते, दुसरी १४ ऑगस्ट, म्हणजे उत्तर २५ ऑगस्ट. हे सूत्र पिल्लांच्या शेवटच्या डोसपुरतंच आहे. मधल्या डोसांना ते लावू नका, नाहीतर नऊ आठवड्यांचं पिल्लू सोळाव्या आठवड्यापर्यंत तसंच बसून राहील.

जन्मतारीख माहीत नसलेली पिल्लं बरीच असतात, विशेषतः गल्लीतून उचलून आणलेली. तिथे रकाना रिकामा न ठेवता डॉक्टरांनी दात पाहून अंदाज लिहावा आणि पुढे "अंदाजे" असं स्पष्ट नोंदवावं. पुढचे दुधाचे दात पडून कायमचे दात वर येताना दिसले तर पिल्लू साधारण तीन ते पाच महिन्यांचं. सुळे त्यानंतर, पाच-सहा महिन्यांच्या सुमाराला बदलतात. अंदाज मागेपुढे होणारच, म्हणून अशा पिल्लाला शेवटची सुई आठवडा-दोन आठवडे उशिरा पडली तरी चालेल, लवकर पडलेली चालणार नाही.

सूत्र बदलल्यावर ताईंच्या हाती जी यादी आली तिच्यात सर्वांत अवघड नावं होती ती गोट्यासारखी. ज्यांच्या सुया राहिल्या आहेत त्यांना आठवण करणं सोपं असतं. इथे ज्यांना दवाखान्यानेच "झालं" म्हणून सांगितलं, त्यांना "अजून एक आहे" म्हणायचं होतं. यात अविश्वासाला जागा आहे. जास्तीची सुई गळ्यात मारतायत, असं कोणालाही वाटेल, आणि तसं वाटणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही, कारण पुस्तकावर पुढच्या वर्षीची तारीख दवाखान्याच्याच हस्ताक्षरात आहे.

पहिला मसुदा असा होता: "गोट्याचा बूस्टर डोस बाकी आहे. गणपतीच्या गर्दीआधी लवकर बुक करा. स्लॉट मर्यादित." हा संदेश पाठवला नाही ते बरं झालं. त्यात तीन गोष्टी चुकल्या होत्या. "बूस्टर" म्हटलं की वर दिलेलं कारणच पुसलं जातं. बूस्टर म्हणजे आधी मिळालेलं संरक्षण वाढवणं, आणि इथे ते मिळालं की नाही हाच प्रश्न आहे. "लवकर" म्हटलं की घरचे १८ किंवा २० तारखेला पिल्लू घेऊन येतील. २० ऑगस्टला गोट्या पंधरा आठवडे दोन दिवसांचा असेल आणि सुई पुन्हा सोळाच्या आतच पडेल. आणि "स्लॉट मर्यादित" हे वाक्य सेलच्या जाहिरातीतलं आहे. ज्याला आधीच संशय येण्यासारखी स्थिती आहे त्याला ते वाचून संशय पक्काच होतो.

जो संदेश गेला तो हा:

"नमस्कार काकू, गोट्याच्या दवाखान्यातून लिहितेय. गोट्याच्या पुस्तकावर आम्ही पुढची तारीख २०२६ ची लिहिली आहे, त्यात एक दुरुस्ती आहे. पिल्लाची शेवटची सुई सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडावी लागते. गोट्याची तिसरी सुई बाराव्या आठवड्यानंतर पडली आणि त्याला सोळा आठवडे २५ ऑगस्टला पूर्ण होतात. आईच्या दुधातून आलेली ताकद तोवर लसीला अडवू शकते, म्हणून आणखी एक सुई लागेल. फी नेहमीच्या सुईइतकीच आहे. २७ ला गणपती बसतात, त्यामुळे २५ किंवा २६ ला सकाळी ९ ते १० मध्ये वेळ ठेवू का? नुसतं २५ किंवा २६ लिहिलंत तरी पुरे. दोन्ही दिवस जमत नसतील तर गौरी गेल्यावर ३ सप्टेंबरला ठेवू."

यातलं प्रत्येक वाक्य का आहे ते सांगायला हवं. पहिलं काम चूक कबूल करणं, कारण काकू पहिल्यांदा पुस्तकच उघडणार आहेत. तिथली २०२६ ची तारीख त्यांना आपल्या संदेशाविरुद्धचा पुरावा म्हणून दिसण्याआधी आपणच ती दाखवलेली बरी. मग कारण, दोन ओळींत. "प्रतिद्रव्यं" हा शब्द इथे टाळला आहे आणि "चीक" ऐवजी "दूध" म्हटलं आहे. शास्त्राच्या दृष्टीने ते थोडं सैल आहे, पण घरात मोठ्याने वाचून दाखवता येतं. फी विचारायला लाज वाटते म्हणून अनेक जण उत्तरच देत नाहीत, तेव्हा तीही आधीच सांगितलेली. काय फुकट आणि काय नाही हे दवाखान्याने ठरवावं. चूक आपली म्हणून तपासणीचे पैसे न घेणं हा आमच्या मते चांगला मार्ग आहे. तसं ठरवलं असेल तर तेही याच संदेशात लिहावं, काउंटरवर आल्यावर उपकार केल्यासारखं सांगू नये.

आणि शेवटी वेळेचा प्रश्न. "कधी येता?" असं विचारलं की माणूस "सांगते" म्हणतो आणि विसरतो. दोन दिवस समोर ठेवले की एकावर बोट ठेवणं सोपं. तिसरा पर्याय, ३ सप्टेंबर, मुद्दाम दिलेला आहे. तो नसता तर ज्यांच्या घरी गणपती-गौरी दोन्ही आहेत त्यांना "नाही" म्हणावं लागलं असतं, आणि एकदा "नाही" म्हटलेलं माणूस पुन्हा स्वतःहून विचारत नाही. २०२५ मध्ये गौरी २ सप्टेंबरला गेल्या, म्हणून ३ तारीख. गोट्याच्या ३१ जुलैच्या सुईपासून ती पाच आठवड्यांपेक्षा थोडी कमीच होते. शिफारशीतल्या चार आठवड्यांहून ती जरा लांब आहे, पण आणीबाणी नाही. फक्त मधल्या दिवसांत पिल्लाची जास्त काळजी घ्यावी लागते.

सकाळी ९ ते १० यालाही कारण आहे. लसीची रिअॅक्शन क्वचित येते, पण आली तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत ते काही तासांत येते: तोंड सुजणं, अंगावर गांधी, उलट्या, धाप. सकाळी सुई दिली की दिवसभर दवाखाना उघडा असतो. २६ च्या संध्याकाळी सुई दिली असती तर रात्री घरात मखराची गडबड आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद. म्हणून २६ ची संध्याकाळ कोणी मागितली तरी सकाळच सुचवायची, आणि का ते सांगायचं.

काकूंचं उत्तर आलं ते असं: "अहो ताई, तीन झाल्या ना? आमच्या शेजारच्यांच्या कुत्र्याला तीनच दिल्या होत्या." इथे ताईंनी मोठा खुलासा लिहून पाठवण्याचा मोह टाळला आणि फोन केला. फोनवर एवढंच सांगितलं, "काकू, शेजारच्यांच्या पिल्लाला पहिली सुई उशिरा दिली असेल तर त्याची तिसरीच सोळा आठवड्यांनंतर पडली असेल. आपल्या गोट्याची आपण पंचेचाळिसाव्या दिवशी सुरू केली, म्हणून चौथी लागते." हे उदाहरण लगेच पटतं, कारण ते खरंच तसं आहे. दहाव्या आठवड्यात आणलेल्या पिल्लाला दहा, तेरा आणि सोळा अशा तीन सुयांत काम होतं. काकूंनी २६ सांगितलं.

फोन ठेवण्याआधी आणखी दोन गोष्टी सांगायच्या असतात. पिल्लू कडेवर घेऊन या, दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. जुलाब, उलटी झाली असेल किंवा खात नसेल तर निघण्याआधी कळवा. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो. गणपतीत घरी पाहुण्यांची रीघ असते. ज्या पिल्लाची सोळा आठवड्यांची सुई राहिली आहे त्याच्यासाठी उंबऱ्याजवळची चपलांची रास ही खरी धोक्याची जागा. सुईनंतरही संरक्षण तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. म्हणून गोट्याला पाहुण्यांच्या चपलांपासून लांब, आतल्या खोलीत ठेवायला सांगितलं आणि कमाटी बागेत फिरायला न्यायचं ते पितृपक्षावर ढकललं. "फिरवू नका" असं नुसतं सांगण्यापेक्षा चपलांची रास सांगितली की घरातली पोरंसुद्धा लक्ष ठेवतात.

आता सगळ्यांसाठीच्या पोस्टकडे येऊ. वैयक्तिक संदेश नोंदीतल्या पिल्लांना जातो. पोस्ट अशा लोकांसाठी असते ज्यांच्या पिल्लाची पहिली सुई दुसरीकडे कुठे तरी झाली आणि पुस्तकावर जन्मतारीख नाही. म्हणून पोस्टमध्ये कोणतीही एक तारीख देता येत नाही, मोजायची रीत द्यावी लागते. १८ ऑगस्टला गेलेली पोस्ट अशी:

"तुमचं पिल्लू मार्च ते मे मध्ये जन्मलंय का? त्याचं लसीचं पुस्तक उघडा. जन्मतारखेत सोळा आठवडे मिळवा. शेवटची सुई त्या तारखेच्या आधी पडली असेल तर आणखी एक लागेल की नाही, हे डॉक्टरांना विचारा. जन्मतारीख माहीत नसेल तर पिल्लाच्या पुढच्या दातांचा फोटो काढून पाठवा, अंदाज सांगू. वेळ हवी असेल तर '१६' एवढंच लिहून पाठवा."

चित्रात सिरिंज नाही. पुस्तकाच्या पानाचा जवळून काढलेला फोटो आहे, जन्मतारखेच्या चौकोनावर पेनाने गोल केलेला. हे चित्र पाहून माणूस खरोखर कपाटातून पुस्तक काढतो, आणि पोस्टचं काम तेवढंच आहे. दातांच्या फोटोवरून नक्की वय सांगता येत नाही, पण संवाद सुरू होतो आणि पिल्लू प्रत्यक्ष तपासायला बोलावता येतं.

इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात लिंक टाकली तर ती दाबता येत नाही. ती प्रोफाइलच्या वर किंवा स्टोरीतल्या लिंक स्टिकरमध्ये टाकावी लागते. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=16
```

९१ च्या आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये मोकळी जागा नको. ही लिंक उघडली की दवाखान्याशी गप्पांची खिडकी उघडते आणि "16" आधीच लिहिलेलं असतं, फक्त पाठवायचं बाकी. लोकांना काय लिहायचं हे ठरवावं लागलं नाही की ते लिहितात.

वैयक्तिक संदेशांत मात्र एक घोळ झाला, आणि तो लक्षात यायला आठवडा गेला. ताईंनी सुरुवातीला सोयीसाठी ब्रॉडकास्ट यादी वापरली. नाव आणि तारीख प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे संदेश साधा करावा लागला, पण तो मुद्दा वेगळा. खरी अडचण अशी की व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट संदेश फक्त त्याच लोकांना पोहोचतो ज्यांनी दवाखान्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. पिल्लाच्या पहिल्या भेटीत दवाखाना घरच्यांचा नंबर घेतो. घरच्यांनी दवाखान्याचा नंबर सेव्ह केला का, हे कोणी पाहत नाही. संदेश पाठवला तर दवाखान्याच्या फोनवर तो गेल्यासारखाच दिसतो. ओळखायचं कसं? पाठवलेला संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडली की कोणाला पोहोचला आणि कोणी वाचला त्यांची यादी दिसते. दिवस उलटूनही जे नाव त्या यादीत येत नाही, त्यांच्याकडे बहुधा नंबर सेव्ह नाही. एका ब्रॉडकास्ट यादीला २५६ जणांची मर्यादाही आहे.

उपाय दोन. चालू यादीतल्यांना एकेक करून स्वतंत्र संदेश, कारण तो नंबर सेव्ह नसला तरी पोहोचतो. आणि नव्यांसाठी, पहिल्या सुईनंतर जी वीस-तीस मिनिटं पिल्लाला दवाखान्यात बसवून ठेवायचं असतं, त्याच वेळेत ताईंनी घरच्यांच्या फोनवर नंबर सेव्ह करून घ्यायचा आणि तिथेच एक संदेश पाठवून पाहायचा. त्याच वेळी एक प्रश्न: संदेश मराठीत हवा, गुजरातीत की हिंदीत? बडोद्यात हा प्रश्न विचारणं गरजेचं आहे. एकाच घरात आजी देवनागरी वाचतात आणि गुजराती माध्यमात शिकलेला नातू गुजराती लिपी, आणि कुत्र्याला दवाखान्यात आणणारा बहुतेक नातूच असतो. उत्तर तक्त्यात एका रकान्यात लिहून ठेवायचं.

एकेक संदेश पाठवायचा म्हटल्यावर किती पाठवायचे हा प्रश्न येतो. सकाळच्या एका तासात तपासणी, सुई आणि नंतर थांबणं धरून हा दवाखाना पाच-सहा पिल्लं नीट पाहू शकतो. २५ आणि २६ मिळून दहा-बारा. म्हणून पहिल्या दिवशी तेवढ्याच घरांना संदेश गेला आणि उत्तरं आल्यावर उरलेल्या जागांइतके पुढचे. सगळ्या यादीला एकदम पाठवलं असतं तर २६ ला बाकावर अर्धवट लस झालेल्या पिल्लांची गर्दी झाली असती, आणि ज्या आजारापासून वाचवायचं त्याचीच सोय तिथे झाली असती.

उत्तर न देणाऱ्यांचं काय? तीन दिवसांनी एक छोटा संदेश: "काकू, गोट्याची २५-२६ ची वेळ अजून ठेवलेली आहे. नको असेल तर तसं कळवा, दुसऱ्याला देऊ." मग आणखी तीन दिवसांनी एक फोन. त्यानंतर गप्प. चौथ्या आठवणीने क्वचितच कोणी येतं, पण नंबर ब्लॉक मात्र होतो. आणि ब्लॉक झाल्यावर पुढच्या वर्षीची रेबीजची आठवणही पोहोचत नाही.

संदेश पाठवण्याआधी दररोज सकाळी एक काम करायचं, आणि ते संगणकावर सोडायचं नाही: त्या दिवशीच्या यादीतली नावं दोन्ही डॉक्टरांना वाचून दाखवणं. कुठलं पिल्लू गेलं, कुठलं दुसऱ्याला दिलं, कोणतं आत्ता आजारी आहे, हे डॉक्टरांना आठवत असतं आणि तक्त्यात नसतं. पार्व्होने गेलेल्या पिल्लाच्या घरी "सोळा आठवडे पूर्ण होतात, सुई द्यायची आहे" असा निरोप गेला तर त्या घराला काय वाटेल ते सांगायला नको. असं झालंच तर लेखी माफी पाठवायची नाही. डॉक्टरांनी स्वतः फोन करायचा, पिल्लाचं नाव घेऊन बोलायचं, आणि त्याच क्षणी तक्त्यात "स्थिती" च्या रकान्यात नोंद करायची, म्हणजे पुढच्या वर्षीही ते नाव वर येणार नाही.

२६ तारखेला गोट्या आला. काकूंच्या कडेवर, जुन्या ओढणीत गुंडाळलेला. शी घट्ट, ताप नाही, वजन वाढलेलं. सुई झाली. ताईंनी पुस्तकावरची ३१ जुलै २०२६ ची तारीख खोडली नाही, कारण ती रेबीजची म्हणून बरोबरच आहे. तिच्यापुढे "रेबीज" लिहिलं, आणि एकत्रित लशीच्या ओळीत नवीन तारीख लिहिली: ३ नोव्हेंबर २०२५, सव्वीस आठवडे. काकूंनी विचारलं, "म्हणजे आणखी एक?" हो. काही थोड्या पिल्लांत आईकडची प्रतिद्रव्यं सोळाव्या आठवड्यातही पूर्ण ओसरलेली नसतात. पूर्वी त्यांना वर्षाच्या सुईपर्यंत थांबावं लागायचं. २०२४ च्या सूचनांनी ती सुई सव्वीस आठवड्यांवर, किंवा त्यानंतर लवकरात लवकर, आणली आहे. म्हणजे ही जास्तीची नाही, वर्षाचीच सुई अलीकडे ओढलेली आहे. हे वाक्य ताईंनी पुस्तकाच्या पानावर पेन्सिलने लिहूनही दिलं, कारण नोव्हेंबरमध्ये पुस्तक उघडेल तेव्हा घरात काकू नसतील, नातू असेल.

ती आठवण भाऊबीज होऊन गेल्यावर, २७ ऑक्टोबरला जाईल. दिवाळीत पाठवून उपयोग नव्हता. मजकूर तयार आहे: "नमस्कार काकू, गोट्याला ३ नोव्हेंबरला सव्वीस आठवडे पूर्ण होतात. पुस्तकावर लिहिलेली, वर्षाची म्हणून अलीकडे घेतलेली तीच ही सुई. ३ ला सकाळी की ४ ला?"